शेवटचे वीस सेकंद

पोरी, तुझं भाषण मी वाचलं. १ मेच्या संध्याकाळी भेस्तानमधल्या आपल्या सोसायटीच्या मैदानावर लूमच्या आवाजाबद्दल आणि कामगारांच्या कानांबद्दल बोलायचं तू ठरवलंस, हे मला फार आवडलं. मजकूर भक्कम आहे, त्याला मी हात लावत नाही. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि आपली माणसं १२ तास उभी असतात, हे तू सोप्या शब्दांत मांडलंयस. मला बोलायचंय ते फक्त शेवटच्या अर्ध्या पानाबद्दल.

तिथे तू लिहिलंयस की स्वतःच्या श्रवणशक्तीचं संरक्षण करणं ही काळाची गरज आहे, आणि मग कामगार एकजुटीचा विजय असो, जय महाराष्ट्र, जय गुजरात. तुला असं का वाटलं हे मला कळतं. १ मे १९६० ला दोन्ही राज्यं एकाच दिवशी झाली, त्यात कामगार दिन, आणि आपण खानदेशातून ताप्ती लाइनने उधन्याला उतरलेली माणसं. आपल्याकडे त्या दिवशी घोषणेशिवाय कुणी खाली बसत नाही. पण घोषणा काय करते ते नीट बघ. ती उत्तर मागते. हजारदा दिलेलं उत्तर माणसाच्या तोंडून आपोआप बाहेर पडतं, त्याला कानाचा विचार करावा लागत नाही. 'असो' म्हणून झालं की माणूस मोकळा होतो, चपला शोधायला लागतो. पंधरा मिनिटं तू जे त्याच्यापुढे ठेवलंस, ते त्या एका आरोळीखाली दबून जातं.

तू मात्र असा विषय घेतलायस की ज्यात तुझ्या गप्प राहण्याने भाषण पुढे जाईल. लूमच्या आवाजाने कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी जातात वरच्या पट्टीतले आवाज, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. म्हणून सुरुवातीला माणसाला वाटतं, मला ऐकू तर येतंय, हीच माणसं पुटपुटतात. त्याच्या जोडीने पुष्कळांच्या कानांत शिट्टी वाजत राहते. माझ्याही वाजते. दिवसभराच्या गोंगाटात ती झाकलेली असते, आणि रात्री सगळं निजलं की वर येते. मैदानावर बसलेल्यांपैकी कितीतरी जण थेट पाळीवरून आलेले असतील, त्यांचे कान त्या वेळी भरलेलेच असतील. तू बोलायची थांबलीस, पंखे थांबले, तर त्यांना ती शिट्टी तिथल्या तिथे, चारचौघांत बसून ऐकू येईल. 'तुमचे कान खराब होतायत' हे वाक्य तुला म्हणावंच लागणार नाही. म्हणून तुझा शेवट घोषणेवर नको, स्तब्धतेवर हवा. आणि ती आयत्या वेळी सुचेल म्हणून सोडू नकोस. भाषण लिहितेस तशीच ती लिहून काढ.

पहिली गोष्ट, आधी सांगून थांब. न सांगता वक्ता चार-पाच सेकंद थांबला तर लोक वाट बघतात. सात-आठ सेकंद झाले की त्यांना वाटतं पोरगी विसरली, आणि कुणीतरी मायेपोटी टाळी वाजवतं. एकदा टाळी पडली की संपलं, ती मागे घेता येत नाही. तुला कानातली शिट्टी वर येईपर्यंतचा वेळ हवाय, तो पाच सेकंदांत मिळत नाही. वीस सेकंद लागतील. एवढा वेळ मागायचा असेल तर आधी मागावा लागतो.

२४ मार्च २०१८ ला वॉशिंग्टनमध्ये बंदुकांच्या विरोधात प्रचंड सभा झाली होती. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला फ्लोरिडातल्या पार्कलंड गावच्या शाळेत गोळीबार होऊन १७ जण गेले होते. त्यातून वाचलेली, तेव्हा एमा गोन्झालेझ या नावाने ओळखली जाणारी विद्यार्थिनी व्यासपीठावर आली, सुमारे दोन मिनिटं बोलली आणि गप्प झाली. काहीही न बोलता ती मिनिटांमागून मिनिटं समोर बघत उभी राहिली. मध्येच लोकांनी घोषणा सुरू केली, ती हलली नाही, घोषणा आपोआप विरली. मग घड्याळाचा बीप वाजला. तेव्हा तिने सांगितलं की ती येऊन ६ मिनिटं २० सेकंद झाली आहेत, गोळीबार चालला होता तेवढी. त्यातून तू दोन गोष्टी घे. तिथे स्तब्धतेची लांबी विषयातून आली होती, मनाला येईल ती नव्हती. आणि ती कधी संपायची हे घड्याळावर सोपवलेलं होतं, घाबरलेल्या मनावर नाही. मात्र तिने लोकांना आधी सांगितलं नव्हतं, तसं तू करू नकोस. तिच्यासमोरच्या माणसांना काय घडलंय ते माहीत होतं, ती गप्प का हे त्यांना पोटातून कळत होतं. तुझ्यासमोर मुलं असतील, म्हातारी माणसं असतील, आणि निम्म्यांना भाषणानंतरच्या जेवणाची घाई असेल.

आपल्याकडेही स्तब्धता अशी आखलेली असते. ३० जानेवारीला हुतात्म्यांसाठी ११ वाजता दोन मिनिटं पाळायची असतात. १०:५९ ला भोंगा सुरू होऊन ११ पर्यंत वाजतो, मग दोन मिनिटं मौन, आणि ११:०२ ते ११:०३ पुन्हा भोंगा. सुरुवातीची खूण आणि शेवटची खूण, दोन्ही ठरलेल्या. तुलाही दोन्ही लागतील. फक्त तुझ्या श्रोत्यांचा कान अधू आहे, म्हणून तुझ्या खुणा डोळ्यांना दिसणाऱ्या हव्यात.

हे फार महत्त्वाचं आहे. ज्याला कमी ऐकू येतं, त्याला तू गप्प झालीस की माइक बंद पडला, हे कळत नाही. तो तुझ्याकडे बघूनच ठरवतो. म्हणून 'डोळे मिटा' असं अजिबात म्हणू नकोस. त्याच्याकडे तेवढाच आधार आहे, तो काढून घेशील. शेवटचं वाक्य झालं की माइक तोंडापासून खाली, पोटाशी घे आणि दुसरा तळहात छातीवर ठेव. मागच्या रांगेलाही ते दिसेल. वीस सेकंद झाले की हात सोडून नमस्कार कर, आणि बस. माइक खाली घेतल्याने आणखी एक काम होतं, तुझा धापणारा श्वास स्पीकरमधून ऐकू जात नाही.

आता ते शेवटचं वाक्य. 'स्वतःच्या श्रवणशक्तीचं संरक्षण' हे मोठ्याने म्हणून बघ, आणि मग त्यातले स, श, ष, क्ष, त काढून म्हणून बघ. लूमवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला ते साधारण असंच ऐकू येतं. त्याच्या कानांतून हे वरच्या पट्टीतले वर्ण आधी गेलेले असतात. आ, ओ, ऊ, म, न, ल, र पोहोचतात. म्हणून शेवटच्या वाक्यात स्वर लांब ठेव. दुसरं म्हणजे आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि 'आहे' म्हणेपर्यंत वक्त्याचा श्वास संपून आवाज बसतो. ज्या शब्दावर तू थांबणार, तोच गिळला जातो. म्हणून वाक्य नामावर संपव. मी तुझ्यासाठी असं जुळवलंय: 'आता लूमचा आवाज नाही. माझा आवाज नाही. उरला आपला कान.' तुला दुसरं सुचलं तर तुझं घे, पण लहान ठेव, शेवटी आकार असू दे, आणि ते म्हणताना आवाज चढवू नकोस. पूर्ण श्वास घेऊन, जेवणाच्या ताटावर बोलतेस त्या आवाजात म्हण.

आपल्या नाटकांच्या छापील संहितांत संवादांच्या मध्ये कंसात 'स्तब्धता' लिहिलेलं असतं, तसं तुझ्या कागदावर लिही. पण नुसता शब्द पुरत नाही. त्या वेळात हात कुठे, डोळे कुठे, संपवायचं कशावरून, हे सगळं कंसात हवं. शेवटचं पान वेगळं, मोठ्या अक्षरांत, एकाच बाजूला. साधारण असं:

(गाडी जात असेल तर थांबायचं. आवाज पूर्ण जाऊ द्यायचा.)
आता मी वीस सेकंद काही बोलणार नाही. पंखेही थांबतील. टाळी नको, घोषणा नको. आपापल्या कानांत काही वाजतंय का, तेवढं बघा. मी नमस्कार केला की झालं.
(पंख्यांकडे मान. पंख्यांची पाती थांबेपर्यंत वाट. एक श्वास.)
आता लूमचा आवाज नाही.
(श्वास.)
माझा आवाज नाही.
(श्वास.)
उरला आपला कान.
(माइक खाली. तळहात छातीवर. नजर आईच्या हातावर. आईने हात खाली घेतला की नमस्कार. बसायचं.)

यात आईचा हात का, ते सांगतो. मंचावर स्वतःच्या मनात मोजू नकोस. छाती धडधडत असली की माणूस वीसपर्यंत दहा सेकंदांत पोहोचतो, आणि त्याला ती दोन मिनिटं वाटतात. तुझ्या आईला शेवटच्या रांगेत उजव्या कडेला सेकंदकाट्याचं घड्याळ देऊन बसव. तू माइक खाली घेतलास की तिने हात वर करायचा, वीस झाले की खाली. तुझी नजर तिच्यावर राहील. शेवटच्या रांगेकडे बघणारी वक्त्री समोरच्यांना सगळ्यांकडे बघत असल्यासारखी वाटते, आणि कुठल्या एकाच्या डोळ्यांत अडकून तुला हसू किंवा रडू येणार नाही.

आदल्या दिवशी तीन माणसांना भेटलं पाहिजे. पहिला साउंडवाला. आपल्याकडचे साउंडवाले भाषणालाही इको लावतात. इको राहिला तर 'कान' हा शब्द तीनदा घुमेल आणि तुझी स्तब्धता सुरू होण्याआधीच विस्कटेल. इको बंद करायला सांग. शिवाय तू गप्प झालीस की माइक गेला असं समजून साउंडवाला आवाज वाढवेल, आणि मग स्पीकरच शिट्टी मारेल. ती शिट्टी आणि लोकांच्या कानातली शिट्टी यांत फरक कुणालाच कळणार नाही, आणि सगळा खेळ फुकट जाईल. त्याला शेवटच्या पानाची प्रत दे आणि बजाव, की शेवटच्या वाक्यानंतर बटणाला हात लावायचा नाही, मागून संगीत सोडायचं नाही. दुसरा, पंख्यांजवळचा मुलगा. मे महिन्यात सुरतेत पंखे बंद करायचे म्हणजे लोक कुरकुरतील, म्हणून आधी मुळीच नाही, तू मान हलवल्यावरच. मोठे उभे पंखे बटण दाबल्यावरही थोडा वेळ घरघरत फिरतात, तेवढा वेळ कागदावर धरलेला आहे.

तिसरा आणि सगळ्यात अवघड, सूत्रसंचालक. त्याला रिकामी जागा दिसली की भरायची सवय असते, आणि 'जोरदार टाळ्या' हे त्याच्या ओठांवर तयारच असतं. त्याला नुसतं 'थांब' म्हणू नकोस, काय करायचं ते दे. तू खुर्चीवर बसलीस, की त्याने दोन श्वास थांबायचं, मग साध्या आवाजात एकच वाक्य: कान तपासणीच्या नावनोंदणीचं टेबल डाव्या बाजूला आहे. आभार, पाहुण्यांचे उल्लेख, जेवणाची सूचना, सगळं त्यानंतर. तूही 'धन्यवाद' शेवटी म्हणायचं नाहीस, ते सुरुवातीलाच म्हणून घे.

आणि घोषणा? ती काढून टाकू नकोस. १ मेला आपल्या लोकांच्या तोंडची घोषणा तू काढलीस, तर ते ती स्वतःहून देतील, आणि नेमकी तुझ्या वीस सेकंदांत देतील. म्हणून आधी दे. भाषणाच्या सुरुवातीला, उभी राहिल्याबरोबर, तिन्ही घोषणा पूर्ण आवाजात. लोकांची छाती मोकळी होऊ दे. मग बोलायला लाग. मंडळातल्या तरुण पोरांना घोषणा आणखी हव्या असतील तर त्या आभारानंतर, राज्यगीताच्या वेळी. पोरांना हे आधीच सांग, त्यांच्या म्होरक्याला विश्वासात घेऊन. तो ज्या बाजूला बसेल, ती बाजू शांत राहील.

आता गाडी. आपल्या मैदानाशेजारून मुंबईची लाइन जाते, ते तुला सांगायला नको. शेवटचं पान सुरू करायच्या आधी गाडी आली तर खुशाल थांब, लोकांनाही सवय आहे. वीस सेकंद चालू असताना आली तर मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नकोस, काही बोलूही नकोस. बाहेरच्या आवाजाखाली कानातली शिट्टी झाकली जाते, म्हणजे गाडीचा वेळ तुझ्या कामाचा नाही. छातीवरचा हात तसाच ठेवून उभी राहा. आईला सांगून ठेव की गाडी गेल्यावर तिने दहा सेकंद नव्याने मोजायचे. गाडी गेल्यानंतरचे ते दहा सेकंद कदाचित सगळ्यांत चांगले जातील.

साधतंय की बिघडतंय, हे तुला वरून दिसेल. खुर्च्यांचे पाय घासायला लागले, मोबाइलचे उजेड दिसायला लागले, पुढची मुलं एकमेकांना कोपर मारायला लागली, तर समज की तू आधी सांगितलेलं वाक्य पोहोचलं नाही. तरीही मध्येच तोडायचं नाही, वीस पुरे करायचे. साधत असेल तर माणसं हलायची थांबतात, आणि काही जण कानाकडे हात नेतात. एखादा शेजाऱ्याकडे बघून मान हलवेल. तसं दिसलं तर त्याच्याकडे बघून हसू नकोस, नजर आईच्या हातावर.

हा शेवट सगळीकडे चालत नाही, तेही सांगून ठेवतो, कारण तू पुढेही बोलणार आहेस. मोर्च्यात, चालत्या गर्दीत, भोंग्यांच्या गाड्यांसमोर चालत नाही. तिथे घोषणाच हवी, ती लोकांना एका पावलावर ठेवते. जिथे सभागृह आधीच दुभंगलेलं आहे तिथेही नाही. आपल्याच सुरतेत २७ डिसेंबर १९०७ ला काँग्रेसच्या अधिवेशनात टिळक बोलायची परवानगी नाकारल्यावर हाताची घडी घालून व्यासपीठावर उभे राहिले. तो माणूस हलला नाही, पण समोरची सभा त्याच्या शांततेत सामील नव्हती. जोडा फिरोजशहा मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना लागला, खुर्च्या उडाल्या, अधिवेशन मोडलं. एकट्याची स्तब्धता हा निग्रह असतो, त्याचं मोल वेगळं. तुला हवी आहे सगळ्यांनी मिळून पाळलेली, आणि तिला आधीची संमती लागते.

तालीम आपल्या गच्चीवर कर. आई, मामी, शेजारची दोन माणसं समोर बसव आणि वीस सेकंद खरोखर गप्प राहा. घरच्या तालमीत सगळे 'इथे स्तब्धता' असं तोंडाने म्हणून पुढे जातात, आणि मग त्या दिवशी ती पहिल्यांदाच घडते. फोनवर रेकॉर्ड करून फक्त शेवटचं मिनिट ऐक. 'कान' हा शब्द ऐकू येतो का, आणि त्यानंतर तुझा 'हं' किंवा घसा खाकरणं येतं का, एवढंच तपास.

शेवटचं पान सुरू होण्याआधी तपासणीची माहिती पूर्ण सांगून झालेली असली पाहिजे, कारण वीस सेकंदांनंतर लोक तारखा ऐकत नाहीत. कान तपासायला जायच्या आधी किमान १४ तास माणूस लूमपासून लांब हवा, नाहीतर पाळीने तात्पुरता बधिर झालेला कान कायमचा खराब दिसतो. संध्याकाळी सातला सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आधी नको, आणि नऊला तो आला तर त्याची पुढची पाळी बुडते. रात्रपाळीवाल्याचे १४ तास तर रात्री नऊलाच भरतात, तेव्हा तपासायला कोण बसणार? म्हणून दिवसपाळीवाल्याला सुट्टीचा दिवसच द्यायचा, आणि रात्रपाळीवाल्याला सुट्टीच्या रात्रीनंतरची सकाळ. नोंदवहीत नावापुढे पाळी आणि सुट्टीचा वार असे दोन रकाने आखून ठेव. टेबलावर मी बसतो. लिहिणारा मात्र दुसरा, मोठ्या अक्षराचा कुणीतरी बघ, आणि नाव विचारताना त्याने माणसाच्या तोंडासमोर येऊन विचारायचं, वहीत मान घालून नाही.